विषय क्रमांक तीन

तर झालं असं, की मागच्या वीकेंडला सोलापूरला घरी गेलो होतो. नुसतं लोळायचं ठरवलं होतं, पण बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, आणि शनिवारी रात्री आठला कमिटीची मीटिंग. पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. मीही वही घेऊन कोपऱ्यात बसलो. मित्रांबरोबर एक मॉक्युमेंटरी करायचं चाललंय, म्हणजे खोटी डॉक्युमेंटरी. बीबीसीची 2001 ची 'द ऑफिस' पाहिली असेल तर प्रकार माहीत असेल: प्रसंग चालू असतो आणि मध्येच एकेक पात्र कॅमेऱ्यासमोर बसून मुलाखत देतं.

अजेंड्यावर विषय पाच. सव्वाअकराला आम्ही तिसऱ्यावर होतो: टँकरचं बिल कसं वाटायचं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी म्हणजे काय, ते सोलापूरकराला सांगायला नको. प्रत्येक वेळी मत घ्यायची वेळ आली, की बाबांना काहीतरी आठवायचं. मागचं इतिवृत्त, मोटरचा आवाज, लिफ्टची एएमसी... शेवटी विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

घरी येऊन सगळं जसंच्या तसं लिहून काढलं. अकरा पानं! साधारण एका पानाला एक मिनिट धरतात. वाचलं तर मलाच जांभया आल्या. रटाळ मीटिंग जशीच्या तशी दाखवली तर ती रटाळच दिसते. मग तुकडे केले. पंधरा सेकंद मीटिंग, कट, पुन्हा तोच विषय. फक्त खुर्चीखाली चहाचे कप वाढलेले आणि एक सभासद झोपलेला. वेळ किती गेला ते कप सांगतात, संवाद नाही.

पण मुलाखती काही केल्या जमेनात. मी पात्रांना मीटिंगमधलंच परत बोलायला लावत होतो. "सेक्रेटरी फार बोलतात बे," वगैरे. ते तर प्रेक्षकाला दिसतंच आहे!

रविवारी सकाळी बाबांना गॅलरीत बसवलं, मोबाईल समोर धरला आणि विचारलं, "विषय तीन संपला का नाही?" त्यांनी जे सांगितलं, ते स्क्रिप्टमध्ये असं आलंय:

*मुलाखत. सेक्रेटरी, गॅलरीत. मागे भरलेले ड्रम.*

*सेक्रेटरी: बिल बारा हजार, फ्लॅट चोवीस. सारखं वाटलं तर प्रत्येकी पाचशे. पण आदर्श उपविधीत पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि साइझवर आहे. लिफ्ट, वॉचमन सगळ्यांना सारखं, पाणी नाही. आपले नळ सगळे अर्ध्या इंचीच, एकूण एकशेवीस. म्हणजे नळाला शंभर. वरच्या आजींचे तीन नळ, तीनशे. आठ नळवाल्याला आठशे.*

*(शांतता)*

*सेक्रेटरी: कमिटीत आठ नळवाले जास्त आहेत. मत घेतलं असतं तर पाचशेच पास झालं असतं.*

*आवाज: मग मीटिंगमध्ये आजींचं नाव का नाही घेतलं?*

*सेक्रेटरी: त्यांना कळलं ना, की त्यांच्यासाठी भांडलोय, तर दुसऱ्या दिवशी आठशे रुपये आणून देतील.*

मी मोबाईल खाली ठेवला. तीन तास मी ज्यांच्यावर विनोद लिहीत होतो, ते तीन तास जाणूनबुजून वेळ काढत होते.

मीटिंग का लांबते, ते मला तेव्हा कळलं. खरं कारण टेबलावर येऊ शकत नाही, म्हणून लोक लिफ्टवर बोलतात. मुलाखत लागते ती त्या कारणासाठी. मीटिंगमध्ये ज्याला जे म्हणता येत नाही, तेच त्याने कॅमेऱ्याला सांगायचं.

ही मुलाखत आधी सुरुवातीला ठेवून पाहिली. सगळी गंमतच गेली, बाबा बिचारे वाटायला लागले. आता ती शेवटून दुसरी आहे. तोपर्यंत प्रेक्षकाने बाबांना हसायचं, आणि मग ते "मोटरचा आवाज येतोय का हो?" पुन्हा आठवायचं. त्यानंतर शेवटचा शॉट: रिकाम्या खुर्च्या, कप, आणि बाबा एकटेच इतिवृत्त लिहितायत. स्क्रिप्ट आता नऊ पानांची आहे.

(आजींचा मजला आणि नळांचे आकडे बदललेत. नाहीतर खरंच आठशे घेऊन येतील.)

निघताना बाबांना वाचायला दिली. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "उपविधीचं बरोबर लिहिलंयस. पण मी एवढा बोलतो का रे?"

आई आतून म्हणाली, "हा विषय पुढच्या मीटिंगला घ्या."