‘पूर्ण’ हा एक शब्द

शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी लसीकरणाचे इंग्रजी स्मरणपत्र मराठीत करून मागितले. घटकाभराचे काम, असे मला वाटले. गोवर-रुबेलाच्या लसीपुढे मी सहज लिहून गेलो, ‘नवव्या महिन्यात’. बाईंनी हसून विचारले, “भाऊसाहेब, १ मार्चला जन्मलेल्या बाळाला नववा महिना केव्हा लागतो?” मी बोटे मोजली, १ नोव्हेंबरला! लस तर नऊ महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे १ डिसेंबरपासून द्यावयाची. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात उरली असता ही लस नीट लागू पडत नाही.

मग डोसांमधील अंतर आले. पेंटाव्हॅलंट लस सहा, दहा व चौदा आठवड्यांनी. हेच बाळ पहिल्या डोसाला १२ एप्रिलऐवजी २० एप्रिलला आले, तर दुसरा डोस १० मेला देता येत नाही. २८ दिवस भरतात १८ मेला. म्हणून अखेरीस मी लिहिले : ‘मागील डोसाला चार आठवडे पूर्ण झाल्यावर यावे. उशीर झाला तरी यावे. पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. येताना कार्ड आणावे.’

बाईंनी ‘पूर्ण’ या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली.