शेवटच्या मजल्याचं प्रेशर

सातारा असो की सांगली, उंच इमारतीच्या पंपरूममध्ये शिरलो की मी आधी पॅनेलच्या दाराची आतली बाजू बघतो. पंप बसवणाऱ्यानं तिथं बहुतेक वेळा मार्करनं आकडे लिहून ठेवलेले असतात. जॉकी 5 किलोला चालू, 6 ला बंद, मेन पंप 4 ला, डिझेल 3 ला. आठ मजल्यांच्या इमारतीत हेच आकडे, आणि तेरा मजल्यांच्या इमारतीतही हेच. एका साइटचं सेटिंग दुसऱ्या साइटवर जसंच्या तसं जातं. त्यातून होणारा बिघाड वर्षानुवर्षं दिसत नाही, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं.

वेट रायझर म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत कायम पाण्यानं भरलेला आणि दाबाखाली ठेवलेला उभा पाइप. प्रत्येक मजल्यावर त्याला हायड्रंटचा व्हॉल्व्ह असतो. खाली तीन पंप असतात. मिनिटाला 2280 लिटर देणारा विजेवरचा मेन, तेवढ्याच ताकदीचा डिझेलवरचा, आणि 180 लिटरचा छोटा जॉकी. ग्लँडमधून, व्हॉल्व्हच्या सीटमधून थोडंथोडं पाणी गळतं आणि दाब उतरतो. तो भरून काढणं एवढंच जॉकीचं काम. खरोखर आग लागून हायड्रंट उघडला की जॉकीला ते पाणी पुरत नाही, दाब आणखी उतरतो आणि मेन पंप आपोआप सुरू होतो. मेननं दगा दिला, किंवा वीजच गेली, तर दाब आणखी खाली जाऊन डिझेल इंजिन सुरू होतं. ही सगळी साखळी प्रेशर स्विचच्या आकड्यांवर चालते.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका तेरा मजली सोसायटीत मी हे तपासत होतो. पंपरूम तळघरात, आणि गेजपासून सगळ्यात वरच्या हायड्रंटपर्यंतची उंची 44 मीटर. दहा मीटर पाण्याचा दाब साधारण 1 किलो. म्हणजे सगळे पंप बंद असले, तरी रायझर भरलेला असेपर्यंत खालच्या गेजवर 4.4 किलो दिसणारच. ते निव्वळ पाण्याचं वजन. आणि मेन पंपाचा स्विच लावलेला होता 4 ला!

सेक्रेटरींना घेऊन मी तेराव्या मजल्यावर गेलो आणि तिथला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. पहिल्या क्षणी पाणी जोरात आलं, आणि मग तोंडातून नुसतं ओघळायला लागलं. खालून माझ्या मुलानं फोनवर सांगितलं, जॉकी चालू आहे, गेज साडेचारवर थांबलंय, मेन उठत नाही. तो उठणार कसा? वरच्या व्हॉल्व्हमधून कितीही पाणी गेलं, तरी खालचा पाण्याचा स्तंभ जागेवरच राहतो. गेज 4.4 च्या खाली उतरतच नाही आणि 4 ला लावलेल्या स्विचपर्यंत खबर पोहोचत नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, जुलैत टेस्टला खाली धो धो पाणी आलतं की वो!" आलंच असणार. तळमजल्याचा व्हॉल्व्ह उघडला की रायझरमधलं पाणीच खाली उतरतं, गेज 4 च्या खाली जातं आणि मेन सुरू होतो. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी द्यावा लागतो. त्यासाठीची टेस्ट खालच्या हायड्रंटवर उरकली, की कागद बरोबर राहतो आणि तेराव्या मजल्यावरचं कुटुंब उघड्यावर पडतं. टेस्ट सगळ्यात वरच्या व्हॉल्व्हवरच घ्यावी, हा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

मग आकडे नव्यानं काढले. शेवटच्या हायड्रंटवर किमान साडेतीन किलो हवं. त्यात 4.4 मिळवले की 7.9 होतात. पाणी वाहताना पाइपात आणि बेंडमध्ये किलोभर दाब खर्च होतो, म्हणून मेन पंप 90 मीटर हेडचा होता. पंपाची निवड बरोबरच होती. डिलिव्हरी बंद ठेवून तो थोडा वेळ फिरवला तर गेज 10.2 वर गेलं. जॉकी बंद होण्याचा आकडा याच्या जवळ ठेवायचा, म्हणून 10 धरला. जॉकी चालू 9.3 ला, मेन 8.6 ला, डिझेल 7.9 ला. प्रत्येक पायरीत 0.7 चं अंतर. ते फार कमी ठेवलं तर पाइपातल्या धक्क्यानंही मेन उठतो. सगळ्यात खालचा आकडा 7.9 असल्यामुळे डिझेलची पाळी येते तेव्हाही वर साडेतीन किलो शिल्लक असतं. दाब एकदम कोसळला तर दोन्ही पंप एकाच वेळी उठू नयेत, म्हणून डिझेलला काही सेकंदांचा टायमर लावला.

हे करण्याआधी जॉकीची प्लेट वाचावी लागते. त्याला 10 किलो गाठताच येत नसेल तर तो बंदच होणार नाही, आणि मोटर तापून जळेल. इथं तो 110 मीटरचा होता, म्हणून निभावलं. स्विचवरच्या पट्टीवर मात्र विश्वास ठेवू नये. स्क्रू फिरवायचा, सेन्सिंग लाइनचा ड्रेन अगदी हळू उघडायचा, गेजचा काटा उतरताना बघायचा, आणि कॉन्टॅक्टरचा "खट्" आवाज नेमका कितीला येतो ते लिहून ठेवायचं. प्रत्येक स्विचवर दोन-तीनदा तोच आकडा आला, की मग लॉकनट आवळायचा.

खालच्या मजल्यांवर आता दाब जास्त होतो. सात किलोच्या वर होजपाइप माणसाच्या हातात आवरत नाही. तिथं बऱ्याचदा भोकाची चकती, म्हणजे ऑरिफिस प्लेट टाकतात. ती पाणी वाहत असतानाच दाब कमी करते; नोझल बंद केलं की पूर्ण दाब पुन्हा होजवर येतो. दाब कमी करणारे व्हॉल्व्हच बसवणं मला जास्त योग्य वाटतं, जरी त्यांचा खर्च सोसायटीला टोचतो.

साताऱ्यात चूक वेगळ्या ठिकाणी होते. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या प्लॉटवर पंपरूम खालच्या अंगाला आणि प्रवेश वरच्या अंगाला असतो. नकाशावरची इमारतीची उंची वरच्या बाजूनं मोजलेली असते, त्यामुळे गेजपासूनची खरी उंची एक-दोन मजल्यांनी जास्त भरते. टेप सोडून मोजायचा कंटाळा आला, तर रायझर भरून सगळे पंप बंद करायचे आणि गेज उतरून थांबेपर्यंत वरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा. जिथं काटा थांबतो ती त्या इमारतीची उंची. सांगलीला प्रश्न कृष्णेचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये जिथं पाणी आलं, तिथं तळघरातल्या पंपाचं सेटिंग कितीही नेमकं असो, मोटर आणि पॅनेल पाण्याखाली गेलं की सगळं संपलं. नव्या इमारतीत निदान पॅनेल तरी पुराच्या खुणेच्या वर न्यावं, असं मी बिल्डरांना सांगत असतो.

एकदा सेटिंग बसलं की पुढचं जॉकी सांगतो. वॉचमनमामांना मी एवढंच सांगतो, की तो दिवसात कितीदा उठतो यावर कान ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी उठत असेल तर गळती आहे. ती कुठं आहे हे शोधायला पंपांच्या डिलिव्हरीचे व्हॉल्व्ह बंद करून रायझरवरचं गेज बघायचं. आता दाब टिकला, तर रायझर चांगला आहे आणि पाणी एखाद्या पंपाच्या एनआरव्हीतून उलटं टाकीत जातंय. तरीही उतरला, तर मजल्यामजल्यावर फिरून व्हॉल्व्ह तपासायचे. पण काम संपल्यावर ते डिलिव्हरी व्हॉल्व्ह पुन्हा उघडून, चेन घालून, कुलूप लावूनच बाहेर पडायचं.

सेटिंगनंतर त्या सोसायटीनं एक मागणी केली: दाब भरला की मेन पंपही आपोआप बंद व्हावा, रात्री-अपरात्री कोण खाली जाणार? मी नकार दिला. वर होज धरलेला माणूस क्षणभर नोझल बंद करतो तेव्हाही दाब भरतो, आणि नेमका तेव्हा पंप बंद पडून चालत नाही. मेन आणि डिझेल बंद करायचं बटण माणसानंच दाबायचं, आग विझल्याची खात्री करून. पॅनेलच्या दारावरचे जुने आकडे पुसून मी नवे चार लिहिले, खाली 44 मीटर ही उंची आणि तारीख घातली.