शेतकरी कुठे आहेत?

"शेतकरी कुठे आहेत?" केंद्रावरच्या मुलाने स्क्रीनवरची नजर न हटवता विचारलं.

आई त्याच्या समोरच उभी होती. हातात पिशवी, पिशवीत सातबारा, आधार कार्ड आणि ओटीपी येतो तो साधा मोबाईल. आम्ही हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावाहून सकाळच्या एसटीने आलो होतो, शेतकरी ओळख क्रमांक काढायला. मी म्हटलं, "ह्याच." त्याने वर पाहिलं, आईकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "नाही, म्हणजे ज्यांच्या नावावर वावर आहे ते."

बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. तलाठ्याकडे वारसाचा अर्ज दिला, फेरफाराची नोटीस निघाली, मुदत संपली, नोंद मंजूर झाली आणि सातबाऱ्यावर बाबांच्या जागी आईचं, माझं आणि भावाचं नाव लागलं. त्या उताऱ्याच्या भाषेत आई आता भोगवटादार आहे. भोगवटादार या शब्दाला स्त्रीलिंगी रूप नाही. वारसालाही नाही. कागदाला त्याची गरज पडली नाही, नाव लागलं की काम झालं. त्या मुलालाच तेवढी गरज पडली.

परतीच्या एसटीत मी त्याचं वाक्य मनात फिरवत होते आणि एक गोष्ट लक्षात आली. "शेतकरी कुठे आहेत" यात लिंग कुठेच नाही. आदरार्थी "आहेत" बाईलाही चालतं आणि बाप्यालाही. "सरपंच येतात", "सरपंच येतील", "सरपंच बोलणार आहेत" यातलं काहीही ऐकून सरपंच बाई आहे की माणूस, हे कळत नाही. "सरपंचांनी सही केली" म्हटलं तर आणखीच झाकलं जातं, कारण तिथे क्रियापद सरपंचाकडे बघतच नाही. ते सहीकडे बघतं, आणि सही स्त्रीलिंगी आहे, मग ती कोणीही करो. "डॉक्टरांनी गोळ्या दिल्या" यातलं "दिल्या" गोळ्यांचं आहे, डॉक्टरांचं नाही.

उघड होतं ते आला-गेला-बसला या जातीच्या क्रियापदांत. "सरपंच आले", "सरपंच आल्या." किंवा विशेषण लागलं की, "नवे तलाठी", "नव्या तलाठी". म्हणजे ज्या पदांना मराठीत वेगळा स्त्रीलिंगी शब्द नाही (सरपंच, तलाठी, तहसीलदार, आमदार, वकील, न्यायाधीश, डॉक्टर), त्यांची बाई वाक्याच्या शेवटी, क्रियापदाच्या शेपटीत सापडते. आणि निम्म्या वाक्यांत तिथेही सापडत नाही. तिथे ऐकणाऱ्याच्या डोक्यात जो बसलेला असतो तोच दिसतो. त्या मुलाच्या वाक्यात पुरुष नव्हता, त्याच्या डोक्यात होता.

मग शेतकरीण का नाही? शब्द तर आहे, शाळेत "लिंग बदला"मध्ये लिहिलेलाही आहे. पण शेतकरीण म्हटलं की शेतकऱ्याची बायको असाही अर्थ होतो. हा जुना घोळ "ईण" या प्रत्ययाचा आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. कुंभारीण, सुतारीण, सोनारीण या त्या त्या घरच्या बायका. त्या माती मळतात, मडकी विकतात, पण शब्द त्यांना कामावरून मिळालेला नाही, लग्नातून नाही तर जन्मातून मिळालेला आहे. गावात डॉक्टरीणबाई म्हटलं तर स्वतः तपासणारी की डॉक्टरांच्या घरची, हे संदर्भावरून ओळखावं लागतं. मास्तरीण मात्र बऱ्यापैकी सुटली, बायका खरंच शाळेत शिकवायला लागल्या तसा तो शब्द शिकवणारीचाही झाला.

संस्कृतातून आलेल्या "इका"ला हा त्रास नाही. शिक्षिका, लेखिका, प्राध्यापिका यांतली कोणीच कोणाची बायको म्हणून ओळखली जात नाही. पण हे शब्द शिकलेल्या कामांना मिळाले. वावरातल्या कामाला असा शब्द कोणी घडवला नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन घेतलं. पुढे बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून देण्याची 'लक्ष्मी मुक्ती' मोहीम चालवली. पण त्यांच्या बायांच्या आघाडीचं नावसुद्धा "शेतकरी महिला आघाडी" होतं. शेतकरीण त्यांनीही घेतला नाही आणि मला वाटतं बरोबरच केलं. ज्या शब्दात नवरा आधीच येऊन बसला आहे तो घेऊन जमीन कशी मागणार?

उलटी गंमत सरपंचाची. बायांसाठी सरपंचपद राखीव झालं आणि खुर्चीमागून कारभार करणाऱ्या नवऱ्यांसाठी मराठीने ताबडतोब शब्द काढला, सरपंचपती. इथे पती म्हणजे खरंच नवरा. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्यांना काय म्हणायचं यावर केवढी चर्चा झाली होती, आणि तिथला पती मात्र नवरा नव्हता, धनी-स्वामी होता. चर्चा विरली, राष्ट्रपती तसाच राहिला, आणि "राष्ट्रपती आल्या" आता कोणालाच खटकत नाही.

दुसऱ्या टोकाला असे शब्द आहेत ज्यांना पुल्लिंग लागलंच नाही. सुईण. आशा, कारण ते काम बायांसाठीच आखलं आहे. आणि गृहिणी. तिचा जोडीदार गृहस्थ, पण गृहस्थ हा काही व्यवसाय नाही. कोणत्याही अर्जात व्यवसाय म्हणून "गृहस्थ" लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. आईच्या बँकेच्या अर्जात मात्र "गृहिणी" आहे. तो अर्ज मीच भरला होता, बारावीत असताना, तिला न विचारता.

त्या वर्षी जूनमध्ये तिने सरकी टोबली होती. मग निंदण, मग खत, मग दिवाळीपासून पुढे वेचणीच्या तीन फेऱ्या, ओटीत कापूस भरत आणि बोंडाच्या टोकांनी बोटं ओरबाडून घेत. बाबा डवरा-वखर धरायचे आणि कापूस विकायला बाजार समितीत जायचे. बैल आणि पैसा ज्याच्या हातात तो कास्तकार. आमच्याकडे शेतकऱ्याला कास्तकारच म्हणतात, आणि आईला कोणी कास्तकारीण म्हटलेलं मी एकदाही ऐकलेलं नाही.

एसटी गावाच्या फाट्याजवळ आली तेव्हा मी तिला विचारलं, "आई, तुला कोणी विचारलं, तू काय करतेस, तर काय सांगशील?"

"काय सांगू? वावरात जातो."

जातो. आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, मी जातो, मी करतो, मी येतो. पुण्यात होस्टेलवर माझ्या "जातो"ला सगळ्या हसल्या होत्या आणि महिनाभरात मी "जाते" शिकले. आईच्या बोलीत "मी"ला बाई-बाप्या असं काही नाही.

ओळख क्रमांक मंजूर झाल्याचा मेसेज काही दिवसांनी आला. ती वावरात होती, म्हणून मी फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरं. आता ब्यांकेतलं ते बदलव."

"काय लिहू?"

"शेतकरी लिव. अन् कोनी इचारलं कुठं हायेत, त मले फोन लाव."