सोफा सगळ्यात शेवटी

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमचे लग्न झाले आणि मार्चच्या पहिल्या तारखेला पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. नोकरी दोघांनाही होती. हातात येणारे पगार मिळून ७३,००० रुपये. आहेर आणि साठवलेले पैसे धरून १,६०,००० जवळ होते, त्यामुळे घर एका दिवसात सजवून टाकू, असे मला वाटत होते.

ह्यांनी वहीत आकडे मांडले तेव्हा माझे डोळे उघडले. अनामत ५०,०००, पहिले भाडे १७,०००, दलालाचे तेवढेच, करारनामा व टेम्पो ८,०००. म्हणजे घरात पाऊल टाकण्याआधीच ९२,००० गेले. उरलेल्या ६८,००० मधून ३०,००० आजारपणासाठी बाजूला ठेवायचे ठरले. राहिले ३८,०००. त्यात फ्रीज, गॅसची जोडणी व शेगडी आणि गादी एवढेच बसले. ह्या तिन्हींचे ३३,००० झाले आणि बाकीचे बादल्या-पडद्यांत गेले.

"अगं, चार माणसं आली तर बसवणार कुठे? आधी सोफा घ्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांचेही खोटे नव्हते. दुकानदार तर बिनव्याजी हप्त्यांवर द्यायला एका पायावर तयार होता. महिना ३,५०० याप्रमाणे बारा हप्ते, म्हणजे ४२,०००. ह्यांनी सहज विचारले, "रोख दिले तर?" तो म्हणाला, "साडेअडतीस हजारांत देतो." हप्त्यावर घेतला तर रोखीची सूट जाणार होती, शिवाय सातशे रुपये फाइलचे वेगळे. बिनव्याजी म्हणतात त्यातले व्याज ते हेच! आणि आमचा भाडेकरार अकरा महिन्यांचा, हप्ते मात्र बारा. आम्ही तसेच परत आलो.

भाडे, किराणा, वीज, प्रवास, दोन्हीकडच्या आईवडिलांना पाठवायचे आणि थोडी बचत जाऊन महिन्याला १४,००० उरत. त्यातले १०,००० एप्रिलपासून फर्निचरसाठी वेगळ्या खात्यात टाकायचे आणि वस्तू पुरेसे पैसे साठल्यावरच रोखीने घ्यायची, असा नेम केला. पलंग मेमध्ये घ्यायचा, हे मात्र आईने बजावून ठरवले. गादी फरशीवर असली की खालून हवा लागत नाही, पावसाळ्यात ओल धरते. एप्रिलमध्ये गादी उलटून पाहिली तर खालच्या बाजूला कुबट वास येऊ लागलाच होता. मग रोज सकाळी ती भिंतीला उभी करून ठेवू लागलो.

चूक झाली ती याच गादीत. दुकानात स्वस्त मिळाली म्हणून आम्ही सहा फूट रुंदीची उचलली होती. तेव्हा पलंग घ्यायचाच नव्हता, मग मापाचा विचार कोण करतो? मेमध्ये १९,०००चा पलंग घेतला, तोही अर्थातच सहा फुटी. जुलैत कपडे धुण्याचे यंत्र १६,०००ला आले. कपाटाची पाळी सप्टेंबरात आली, तोवर आमचे कपडे बॅगांत आणि सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत होते.

कपाट घेण्यापूर्वी जुनी वर्तमानपत्रे जोडून त्याच्या मापाची जागा फरशीवर मांडून पाहिली. खोली दहा फूट रुंद. पलंग एका भिंतीला लागून सहा फूट, समोरच्या भिंतीला कपाटाची खोली दोन फूट, मध्ये राहिले दोन फूट. कपाटाचे दार दीड फुटाचे. ते उघडले की माझ्यासाठी उरणार अर्धा फूट! पाच फुटी गादी घेतली असती तर दोघांना ती पुरली असती आणि दार सुखाने उघडले असते. शेवटी सरकत्या दारांचे कपाट घ्यावे लागले. साधे कपाट वीस हजारांचे होते, हे चोवीस हजारांना पडले. ते चार हजार माझ्या स्वस्त गादीचे, असे हे अजूनही चिडवतात. वर्तमानपत्रे मार्चमध्येच का अंथरली नाहीत, याला माझ्याकडे उत्तर नाही.

दिवाळीला सासूबाई आल्या. बाहेरच्या खोलीत माहेरची कापसाची गादी, तिच्यावर धुतलेली चादर आणि दोन लोड होते. पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच लोडाला टेकून त्यांना चांगली तासभर झोप लागली. गुडघ्यांमुळे उठताना मात्र त्रास होई, म्हणून शेजारून एक खुर्ची आणली आणि नंतर दोन खुर्च्या विकत घेतल्या.

जानेवारीअखेर करार संपला आणि मालकांना घर स्वतःसाठी हवे होते. पलंग आणि कपाट सुटे करून चौथ्या मजल्यावरून उतरवले. नव्या घराची बाहेरची खोली अरुंद आहे. दुकानातल्या त्या सोफ्याचे माप मी वहीत लिहून ठेवले होते. वर्तमानपत्रे अंथरून पाहिली, तर तो थेट दारात आला.