चांदरात आणि दुकानाची वेळ

आमच्या भाईजानची मोहल्ल्यात बेकरी आहे. एरवी ती सकाळी नऊला उघडते. रमजानमध्ये मात्र दुपारी तीनला उघडून रात्री एकपर्यंत चालते. मोहल्ल्याला हे ठाऊक आहे, पण गूगलच्या नकाशावर सकाळी नऊचीच वेळ राहिली होती. एक गृहस्थ लांबून दहा वाजता आले, कुलूप पाहून परतले आणि एक तारा देऊन लिहून गेले, 'नकाशात उघडे, दाराला कुलूप.'

आम्हाला हे कळायला तीन आठवडे लागले, तेही एका गिऱ्हाइकाने सांगितले म्हणून. दुकानाची नोंद भाच्याने आपल्या ई-मेलवरून केली होती. तो दुबईला गेला आणि ती मेल पाहणेही सोडले. नव्या अभिप्रायाची सूचना तिकडेच जाऊन पडत होती.

भाईजान म्हणाले, "ते लिहिलेलं काढून टाका." पण दुकानदाराला अभिप्राय पुसता येत नाही. नियमाविरुद्ध असेल तर तक्रार करता येते, आणि हा तर खरा होता. मग भाच्याला फोन केला. मालक म्हणून इतरांना जोडण्याचा हक्क त्याच्याकडेच होता. त्याने भाईजानला आणि आम्हाला जोडले. आम्ही तीन ठिपक्यांच्या मेनूत जाऊन अभिप्रायाच्या सूचना आपापल्या मेलवर चालू केल्या आणि उत्तर लिहिले, 'तुमची खेप फुकट गेली, चूक आमची. रमजानची वेळ नोंदवायची राहिली होती.' उत्तराची सूचना लिहिणाऱ्यालाही जाते. चार दिवसांनी त्या गृहस्थांनी आपणहून एकाचे तीन तारे केले.

यंदा रमजानच्या आठवडाभर आधीच बसलो. नेहमीच्या वेळेला हात लावला नाही. 'विशेष वेळ' या ठिकाणी एकेक तारीख घेऊन दुपारी तीन ते रात्री एक असे भरले. कंटाळवाणे काम आहे, पण तारखा संपल्या की नेहमीची वेळ आपोआप परत येते. बदल कधी कधी तपासणीत अडकतो, म्हणून दुसऱ्याच्या फोनवर नकाशा उघडून खात्री केली.

शेवया आणि शीरमालच्या आगाऊ ऑर्डरची पोस्टही तारीख-वेळ देऊन आधीच लावून ठेवली. 'ईद मुबारक, आज दुकान बंद' ही पोस्ट मात्र लावली नाही. चाँद एकोणतिसाव्याला दिसेल की तिसावा रोजा होईल, हे त्या यंत्राला काय माहीत? ती एक तारीख हातानेच बदलावी लागते. म्हणून चांदरातीला चाँद दिसल्याची खबर आली की पहिले काम ठरलेले: ईदच्या तारखेवर 'बंद' लिहायचे, मग मेहंदी.