काकाजी, आवाज थोडा कमी कराल का?

आठवड्यातून तीन दिवस मी सावलीहून मूलला शिकवायला जाते. सकाळी डबे, पाणी, सासूबाईंची औषधं असं सगळं आटोपून एस.टी. गाठायची आणि संध्याकाळी गडचिरोलीकडे जाणाऱ्या गाडीनं परत यायचं. परतीचा तो अर्धा तास तेवढा माझा एकटीचा! कधी वह्या तपासते, कधी नुसती खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत बसते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मागच्या बाकावर धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ मोबाइलवर नाटक बघत होते. पेटी, तबला, वर नायकाची आरोळी! गाडीच्या घरघरीवर मात करायला त्यांनी आवाज पार शेवटपर्यंत चढवला होता. माझं डोकं आधीच ठणकत होतं. मी मागे वळले आणि वर्गात म्हणते तशी म्हणाले, "अहो, इथं बाकीची माणसंही बसलीत! काही कळतं की नाही?"

सगळी गाडी बघायला लागली. दोघेजण हसले. म्हाताऱ्यानं गडबडून काहीतरी दाबलं, पण आवाज कमी व्हायच्या ऐवजी दुसरंच गाणं सुरू झालं. शेवटी त्यांनी मोबाइल तसाच खिशात कोंबला. मी जिंकले होते खरी, पण वह्यांत लक्ष काही लागेना.

दुसऱ्या खेपेला वर्ग सुटल्यावर सहावीतली एक मुलगी टेबलाशी घुटमळली. "बाई, काल गाडीत तुम्ही आमच्या आजोबांना रागावल्या. त्यांना कमी ऐकू येते. माझे काका झाडीपट्टीच्या नाटकात काम करतात, त्यांचंच नाटक बघत होते ते."

मैत्रिणींनो, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! आपल्याकडे धान निघाले की गावोगावी मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात. म्हाताऱ्या बापाला आता रात्रीची जागरणं कुठली झेपायला? लेकाचं काम तो मोबाइलवरच बघणार.

मग माझं काय चुकलं, याचा मी विचार केला. आवाज कमी करायला सांगणं चुकीचं नव्हतं. चुकली ती वेळ आणि रीत. गाडी धावत असताना बोलायचं तर आपल्यालाही ओरडावं लागतं, आणि ओरडून केलेली विनंती ही विनंती राहतच नाही. चार लोकांसमोर ऐकवलं की माणूस हट्टाला पेटतो, नाहीतर खजील होतो. शिवाय 'काही कळतं का' या प्रश्नाला तो बिचारा उत्तर तरी काय देणार?

पंधरा दिवसांनी तेच आजोबा पुन्हा गाडीत दिसले. नाटक सुरूच होतं. या वेळी मी थांबले. पुढच्या थांब्यावर गाडी उभी राहिली, घरघर मंदावली, तशी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "काकाजी, नाटक छान आहे. माझं डोकं दुखतंय, आवाज थोडा कमी कराल का?"

"करतो जी बाई," ते म्हणाले, "पण मले जमत नाई. दाबलं तं भलतंच होते."

तेव्हा कुठे मला उमगलं. त्यांचा नातू घंटीचा आवाज कमी करून द्यायचा, आणि घंटीचा आवाज वेगळा, नाटकाचा वेगळा. मी त्यांना दाखवलं, "नाटक चालू ठेवूनच कडेचं हे बटण खालच्या बाजूला दाबायचं. पडद्यावर पट्टी उतरताना दिसते." त्यांनी स्वतः तीनदा दाबून बघितलं. मग मोबाइल कानाशी धरून डोळे मिटून ऐकत राहिले.

सगळेच असे भेटतील असं नाही. एकदा टवाळ पोरांचं टोळकं होतं. तिथं मी तोंडच उघडलं नाही, उठून कंडक्टरजवळच्या बाकावर बसले आणि त्यांना हळूच सांगितलं. मुंबईत बेस्टनं २०२३ च्या एप्रिलमध्ये इअरफोनशिवाय मोबाइलचे व्हिडिओ मोठ्यानं लावायला बसमध्ये मनाई केली, म्हणजे हे दुखणं आपल्या एकटीचं नाही! पण नियम दाखवायची वेळ शेवटची. आपल्या गावात तर आज ज्याला बोललो, तोच उद्या गाडीत भेटतो.

परवा उतरताना आजोबांनी हाक मारली, "बाई, मंडईत लेकाचं नाटक हाय, याल का?" मी येते म्हणाले. तिथं आवाज कितीही मोठा असू दे, कुणाला काही सांगायची नाही!