आईंचा आक्षेप केसांवर होता



मागच्या लेखावर दोघी-तिघींनी विचारलं, की घरात चौका असताना तुम्ही पार्लर कसं चालवता? आज तेच सांगते.

लग्नाआधी सांगलीत सहा महिन्यांचा कोर्स केला होता. धाकटी शाळेत जायला लागल्यावर मी माडीवरच्या खोलीत एक आरसा, एक खुर्ची आणि वॅक्स गरम करायचं भांडं मांडलं. दिरांनी चेष्टा केली, "वहिनी, चार दिवसांचं वेड." ह्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. सासूबाईंनी मात्र सरळ सांगितलं, "घरात परक्यांचे केस नकोत."

मला तेव्हा राग आला. आता वाटतं, त्या घरात सगळ्यांत नेमका मुद्दा त्यांचाच होता. मुनीमहाराजांचा आहार उभ्याने, करपात्रात होतो आणि ओंजळीत केस आला तर तिथेच अंतराय, त्या दिवशी पुढे घासही नाही की पाणीही नाही. आमच्या घरी वर्षातून दोन-तीनदा तरी पडगाहन होतं. "एक केस तुझ्या पदराला चिकटून खाली आला तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग उत्तर तयार केलं. मागच्या जिन्याने गिऱ्हाईक येईल, घरातून नाही. माडीचा झाडू, फडकं, चप्पल वेगळी. काम करताना अंगावर जाड सुती कोट, तो माडीवरच काढायचा. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर आधी ओल्या फडक्याने केस गोळा करायचे, कारण कोरड्या झाडूने ते उडतात. आणि खाली येऊन अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. महाराज गावात असतील तेव्हा आणि दशलक्षण पर्वात पार्लर बंद. हे सगळं मी आईंसाठी केलं, पण बायका आपोआप म्हणायला लागल्या, "तुमच्याकडे स्वच्छ असतं हो." आधी मी आयब्रो करताना दोऱ्याचं टोक दातात धरायची, सगळ्याच धरतात. ते सोडून दोरा मानेला बांधायला शिकले. महिनाभर हात वाकडा चालला, नंतर बसला.

वॅक्सचाही प्रश्न होताच. मध आपल्याला वर्ज्य, आणि कितीतरी डब्यांवर 'हनी वॅक्स' लिहिलेलं. काहींत मध असतो, काहींत नुसता रंग आणि वास. घटक वाचल्याशिवाय कळत नाही. मी घरीच साखरेचं करायला लागले. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी, मंद आचेवर. रंग काकवीसारखा झाला की थेंब गार पाण्यात टाकायचा. त्याची मऊ गोळी वळली तर उतरवायचं, कडक झाली तर करपलं समजा. अंड्याचे हेअर पॅक मी कधीच ठेवले नाहीत. त्यामुळे काही गिऱ्हाइकं गेली, गेली तर गेली.

दोन वर्षं झाली तरी दिवाळीला हातात काही उरेना. अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आयुष्यभर कापडाचं दुकान केलेलं. ते काही बोलले नव्हते. एका रविवारी म्हणाले, "तुझी रोजकीर्द आण बघू." माझ्याकडे कॅलेंडरवर खुणा होत्या! त्यांनी चष्मा लावला आणि एकाच कामाचा हिशेब मांडायला लावला: दोन्ही हातांचं वॅक्स. मी 60 रुपये घेत होते. तेव्हा गर्दीच्या दिवसांत तयार डबा वापरायची, मधाचा नसलेला. 180 रुपयांच्या डब्यात साधारण नऊ जणी, म्हणजे वॅक्स 20 रुपये. सहा पट्ट्यांचे 12. पावडर, नंतरचं तेल, वीज धरून 8. झाले 40. उरले 20, तेही 35 मिनिटं उभं राहून. शिवाय शेजारच्या तिघी 'मांडून ठेव' म्हणणाऱ्या.

"तू कमावत नाहीस, वाटतेस," अण्णा म्हणाले. मी दर 120 केला. उधारी बंद केली. लाकडी काडी दर वेळी वॅक्समध्ये बुडवताना नवी घेतली, म्हणजे अंगाला लागलेली काडी पुन्हा डब्यात बुडत नाही. पहिल्या महिन्यात निम्म्या बायका आल्या नाहीत आणि दिरांना बोलायला तेवढंच मिळालं. महिन्याच्या शेवटी मोजलं, तर गिऱ्हाइकं निम्मी असूनही हातात आधीपेक्षा दुप्पट उरले होते.

आता जे सांगायला जड जातं ते.

एक कॉलेजची मुलगी ओठांवरचं वॅक्स करायला आली. वॅक्स नेहमीसारखं मनगटावर तपासलं होतं, गरम नव्हतं. पट्टी ओढली आणि खालची कातडी चकाकली. ओली, लाल, आणि ती मुलगी कळवळली. वॅक्सनंतर बारीक लाल ठिपके येतात, दोन-चार तासांत बसतात, ते निराळं. इथे वरचा पापुद्राच निघाला होता. गार पाण्याची घडी ठेवली, रिक्षा केली, तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे उलगडा झाला. ती मुरमांसाठी रात्री रेटिनॉइडचं मलम लावत होती. त्याने कातडीचा वरचा थर पातळ होतो, वॅक्सबरोबर तोच उपटून येतो. मी विचारलं नव्हतं, तिने सांगितलं नव्हतं. पण विचारायचं काम माझं होतं.

तिची आई संध्याकाळी दारात येऊन खूप बोलली. मी ऐकून घेतलं. घरात सगळ्यांचं एकच मत, बंद कर आता. डॉक्टरांचे आणि औषधाचे पैसे मी दिले, आठवडाभर रोज तिच्या घरी जाऊन बघून आले. डाग राहिला नाही, हे माझं नशीब.

त्या आठवड्यात कुलूप लावायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. आईच म्हणाल्या, "चौक्यात आम्ही पाणी गाळताना विचारतो का, यात जीव असेल की नाही? गाळतोच. तूही विचारतच जा प्रत्येकीला."

अण्णांच्या दुकानातली एक कोरी लाल वही घेतली. प्रत्येकीचं पान: मुरमांचं मलम किंवा गोळ्या चालू आहेत का, मधुमेह आहे का, आधी कशाने पुरळ आलं होतं. मलमवालीला वॅक्स नाही, दोराही नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर या. मुरमांच्या गोळ्या घेणारीला गोळ्या संपल्यावरही सहा महिने थांबवते. ब्लीच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, केसांचा रंग असेल तर दोन दिवस आधी. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच फेशियल मागणाऱ्या नवरीला मी परत पाठवते. रागावतात. पण आता मुलींच्या आयाच फोन करून विचारतात, "हे मलम चालू आहे, आणू का तिला?" ओठ सोललेल्या त्या मुलीच्या लग्नाचं कामही माझ्याकडेच आलं. तिच्या आईनेच आणलं.

पुढे शॉप ॲक्टची नोंद केली, शिकाऊ मुलगी ठेवली, दुसरी खुर्ची आली. दिरांनी जिन्याला पाटी लावून दिली, न सांगता.

मागच्या महिन्यात रात्री जेवणं उरकल्यावर आई माडीवर आल्या. म्हणाल्या, "दार लाव आधी." मग हनुवटी पुढे केली. तीन जाड पांढरे केस होते. दोरा काढणार, एवढ्यात त्याच म्हणाल्या, "अगं, वहीत लिहिलं नाहीस. मला साखर आहे, माहीत आहे ना?"

लिहिलं. पान नवीन, दर 10 रुपये. त्यांनी पदराच्या गाठीतून नाणं काढून टेबलावर ठेवलं, आणि मी ते जमेला धरलं.